‘एनएमसी अप्रूव्हड’ असं काही नसतं: परदेशी डिग्रीचं गणित अर्ज करण्याआधी कसं करायचं?

(आजच्या भागाचं हे लिखित रूप. लोकलमध्ये रेंज गेली असेल तर निवांत वाचा.)

आज विषय थोडा घरचा आहे.

आमच्या मावशीचा मुलगा यंदा बारावी झाला. नीट क्वालिफाय झाला, पण मार्क असे की सरकारी कॉलेज मिळणार नाही आणि खासगी कॉलेजची फी घरात कोणी ऐकूनही घेणार नाही. अशा वेळी शीव स्टेशनच्या बाहेर कोणीतरी हातात पत्रक देतं. ‘एमबीबीएस अब्रॉड. कमी फी. साडेपाच वर्षं. एनएमसी अप्रूव्हड.’ मावशीने ते पत्रक घडी करून पर्समध्ये ठेवलं आणि रविवारी माझ्यासमोर ठेवलं. म्हणाली, “तू कम्प्युटरमधला आहेस ना, बघ जरा हे कॉलेज खरं आहे का. सोमवारी टोकन भरायचंय.”

मी म्हटलं, “मावशी, सोमवारी काही भरू नकोस. एक आठवडा दे.”

त्या आठवड्यात मी जे वाचलं, तेच आज सांगतो. सगळ्यात आधी एक गोष्ट. मावशीचा प्रश्नच चुकलेला होता. कॉलेज खरंच होतं. इमारत, प्रयोगशाळा, हॉस्पिटल, सगळं होतं. खरा प्रश्न असा होता, की ही डिग्री घेऊन पोरगा परत आला तर त्याला इथे पेशंट तपासता येईल का? हे दोन प्रश्न वेगळे आहेत, आणि पत्रक फक्त पहिल्याचं उत्तर देतं.

‘अप्रूव्हड’ या शब्दाचं काय?

एनएमसी म्हणजे नॅशनल मेडिकल कमिशन, भारतातली वैद्यकीय शिक्षणाची नियामक संस्था. परदेशात एमबीबीएससारखी डिग्री देणाऱ्या कॉलेजांची ‘मान्यताप्राप्त यादी’ ही संस्था काढत नाही. म्हणजे कोणी ‘आमचं कॉलेज एनएमसीच्या लिस्टमध्ये आहे’ म्हणालं, तर ती लिस्ट मागा. ती येणार नाही, कारण ती नाहीच.

यादीऐवजी एनएमसीने अटी ठेवल्यात. 18 नोव्हेंबर 2021 रोजी एक नियमावली जाहीर झाली. तिचं नाव लांबलचक आहे, ‘फॉरेन मेडिकल ग्रॅज्युएट लायसेन्शिएट रेग्युलेशन्स, 2021’. मूळ मजकूर पीडीएफमध्ये मिळतो, nmc.org.in वर शोधा. फार मोठा नाही, एका बैठकीत वाचून होतो.

मला प्रोग्रॅमर म्हणून त्यात काय दिसलं सांगू? सगळ्या अटी ‘आणि’ने जोडलेल्या आहेत, ‘किंवा’ने नाहीत. पाच अटी पाळल्या आणि सहावी राहिली, तर निकाल शून्य. ‘बाकी सगळं चांगलं आहे हो’ याला इथे किंमत नाही.

तारीखही नीट लक्षात ठेवा. कन्सल्टंटच्या ऑफिसात भिंतीवर फोटो असतात. आमचा हा विद्यार्थी आज अमुक हॉस्पिटलमध्ये डॉक्टर आहे, वगैरे. फोटो खरेही असतील. पण त्या मुलांनी 18 नोव्हेंबर 2021 च्या आधी प्रवेश घेतला असेल, तर ती जुन्या नियमाने पास झालीत. तुम्हाला नवा नियम लागणार. त्यामुळे सीनियरचं उदाहरण दाखवलं की एकच विचारायचं, त्याचा प्रवेश कोणत्या महिन्यातला?

आता मावशीच्या पत्रकाचं गणित करू

पत्रक फिलिपिन्सचं होतं. लिहिलं होतं, बीएस दीड वर्ष, मग एमडी चार वर्षं, एकूण साडेपाच वर्षं. आपल्याकडचं एमबीबीएसही इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षांचं. आकडा बरोबर जुळतो, म्हणून मावशीला विश्वास वाटला.

नियमाची पहिली अट अशी आहे, की वैद्यकीय अभ्यासक्रम किमान 54 महिन्यांचा हवा, म्हणजे साडेचार वर्षं. यात इंटर्नशिप धरायची नाही. ती वेगळी.

पत्रकातले महिने मोजू. बीएसचे 18 आणि एमडीचे 48, बेरीज 66. चोपन्नपेक्षा जास्त! मग अडचण कुठे?

अडचण बीएसमध्ये आहे. फिलिपिन्समध्ये मेडिकल शिक्षणाची पद्धत अमेरिकेसारखी आहे. आधी एक पदवी, मग मेडिकल स्कूल. ती आधीची पदवी म्हणजे बीएस. त्यात जीवशास्त्र, मानसशास्त्र असे विषय असतात, आपल्या अकरावी-बारावीच्या पुढचा टप्पा म्हणा ना. ते वैद्यकीय शिक्षण नाही, त्याची पूर्वतयारी आहे. एनएमसीने स्पष्ट केलंय, की बीएस हा कोर्स एमबीबीएसच्या बरोबरीचा धरला जाणार नाही.

मग 66 मधून 18 काढा. उरले 48. आणि हवेत 54.

सहा महिने कमी. पाच-सहा वर्षं घराबाहेर राहून, लाखो रुपये घालून, सहा महिन्यांनी अडकायचं. हे सहा महिने नंतर भरून काढायची सोय नियमात नाही. मी मावशीला हे गणित पत्रकाच्याच मागच्या बाजूला करून दाखवलं. ती बराच वेळ त्या 48 कडे बघत होती. मग म्हणाली, “पण त्याने साडेपाच वर्षं सांगितली होती रे.” त्याने खोटं सांगितलं नव्हतं. साडेपाच वर्षं लागणारच होती. फक्त त्यातली चारच मोजली जाणार होती.

यातून धडा एवढाच, की ‘एकूण वर्षं’ हा आकडा बघायचाच नाही. कॉलेजकडून सेमिस्टरप्रमाणे विषयांची यादी मागा. ॲनाटॉमी, फिजिऑलॉजी, बायोकेमिस्ट्री कोणत्या महिन्यापासून सुरू होतात ते बघा आणि तिथून मोजा. पहिलं वर्ष नुसतं भाषा शिकण्याचं असेल, तर तेही वैद्यकीय शिक्षण म्हणून धरू नका.

इंटर्नशिप एक नाही, दोन

बऱ्याच पत्रकांत एक वाक्य असतं, ‘पाच वर्षं तिथे, इंटर्नशिप भारतात.’ ऐकायला किती छान! पोरगं एक वर्ष आधी घरी.

नियम मात्र वेगळंच म्हणतो. 12 महिन्यांची इंटर्नशिप त्याच परदेशी संस्थेत करायची, जिथे शिकलात तिथेच. आणि भारतात परतल्यावर आणखी 12 महिने इथे करायची. दोन्ही लागतात. इथली इंटर्नशिप तिथल्याच्या बदली चालत नाही. त्यामुळे ते छान वाक्य प्रत्यक्षात ‘एक अट पाळली जाणार नाही’ असं सांगत असतं.

याच्याच जोडीला आणखी एक अट आहे. पूर्ण शिक्षण एकाच परदेशी संस्थेत व्हायला हवं. दोन वर्षं एका देशात आणि तीन दुसऱ्या, असं चालत नाही. माध्यम इंग्रजी हवं. 2022 च्या फेब्रुवारीत युक्रेनमध्ये युद्ध सुरू झालं, हजारो भारतीय विद्यार्थी अर्धा कोर्स टाकून परतले, तेव्हा हीच अट आडवी आली. त्यांना दुसऱ्या देशातल्या कॉलेजात जाऊन शिक्षण पूर्ण करता यावं म्हणून एनएमसीला सप्टेंबर 2022 मध्ये खास सवलत द्यावी लागली. ती त्या मुलांपुरती होती. आज कोणी ‘नाही आवडलं तर दुसऱ्या देशात ट्रान्सफर करून देऊ’ म्हणत असेल, तर त्या सवलतीवर भरवसा ठेवू नका.

सगळ्यात कमी विचारला जाणारा प्रश्न: तिथे डॉक्टर होता येईल का?

आता ही अट लक्ष देऊन ऐका. नियम म्हणतो, ज्या देशाने डिग्री दिली त्या देशात तुम्हाला डॉक्टरकीचा परवाना मिळायला हवा. आणि तो परवाना तिथल्या नागरिकाला मिळतो त्याच तोडीचा हवा.

हे वाचून मावसभाऊ म्हणाला, “पण दादा, मला तिथे प्रॅक्टिस करायचीच नाहीये.” बरोबर आहे त्याचं. पण नियमामागचा विचार सोपा आहे. ज्या डिग्रीवर तो देश स्वतःच्या पेशंटला हात लावू देत नाही, त्या डिग्रीवर आपण आपल्या पेशंटला हात का लावू द्यायचा? काही ठिकाणी परदेशी विद्यार्थ्यांसाठी वेगळी बॅच असते, वेगळा कोर्स असतो, आणि त्या कोर्सवर स्थानिक परवाना मिळत नाही. अशी डिग्री म्हणजे निर्यातीसाठी काढलेला माल.

फिलिपिन्सचंच बघा. तिथला मूळ वैद्यकीय कायदा 1959 चा. त्यात डॉक्टरकीसाठी फिलिपिन्सचं नागरिकत्व मागितलं होतं, किंवा मग तुमच्या देशात फिलिपिनी माणसाला त्याच अटींवर प्रॅक्टिस करता येते याचा सरकारी पुरावा. असे कायदे बदलतही असतात. म्हणून ज्या देशात जायचंय तिथला आजचा मजकूर वाचा. कॉलेजच्या वेबसाइटवर नाही, तर तिथल्या मेडिकल कौन्सिलच्या किंवा आरोग्य मंत्रालयाच्या वेबसाइटवर.

आणि त्यांना एक ईमेल टाका. मी त्यात एवढंच लिहायला सांगेन: ‘मी भारतीय नागरिक आहे. तुमच्या देशातल्या अमुक कॉलेजातून अमुक डिग्री घेतली, तर मला तुमच्या नागरिकाप्रमाणे पूर्ण नोंदणी मिळेल का? कोणत्या कलमाखाली?’ शेवटचा प्रश्न विसरू नका. ‘हो, मिळेल’ असं कोणीही लिहितं. कलम सांगायला लावलं की उत्तर देणाऱ्याला ते शोधावं लागतं.

परतल्यावरची वाट

समजा सगळ्या अटी जुळल्या. तरी विमानतळावरून थेट दवाखाना उघडता येत नाही.

आधी एक परीक्षा द्यावी लागते, एफएमजीई. नियमात तिच्या जागी ‘नेक्स्ट’ नावाची परीक्षा येणार असं लिहिलंय, पण ती सुरू होईपर्यंत एफएमजीईच. 300 प्रश्न, पास व्हायला 150 हवेत. वर्षातून दोनदा होते, जून आणि डिसेंबरच्या सुमारास. ऐकायला सोपं वाटतं, पण अलीकडच्या बऱ्याच परीक्षांत बसलेल्यांपैकी पाचातला एक, फार तर चारातला एक पास झालाय. परीक्षेला बसताना डिग्रीवर त्या देशातल्या भारतीय दूतावासाची साक्षांकित मोहोर किंवा अपोस्टिल लागतं, तेव्हा ते तिथून निघण्याआधीच उरकून घ्यायचं.

पास झालात की महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे तात्पुरती नोंदणी. हे ऑफिस आपल्याच भागात आहे, चिंचपोकळीला, साने गुरुजी मार्गावर, आर्थर रोड नाक्यापाशी. मग इथली इंटर्नशिप. तिथेही मोजून जागा असतात. सर्वसाधारण नियम असा, की कॉलेजच्या मान्य जागांच्या साडेसात टक्क्यांपर्यंतच परदेशातून आलेल्यांना घ्यायचं. 200 जागांचं कॉलेज असेल तर पंधरा जण. म्हणजे इथे थांबायचीही तयारी हवी. इंटर्नशिप झाली की कायमची नोंदणी, आणि तेव्हा कुठे नावापुढे डॉक्टर लावून प्रॅक्टिस.

आणि या सगळ्याच्या आधी नीट. परदेशात शिकायला जायचं असलं तरी नीट क्वालिफाय असावंच लागतं. 2018 पासून हा नियम आहे. निकाल तीन वर्षं चालतो. ‘नीटशिवाय ॲडमिशन’ असं पत्रक दिसलं, तर ॲडमिशन खरंच मिळेल. इथला परवाना मिळणार नाही.

वकिलीचं काय? तिथेही मोजणीच

या विषयावर पोल टाकला होता, तर काही जणांनी विचारलं, लॉचं काय? लंडनला जाऊन बॅरिस्टर होऊन आलं की झालं ना?

हा समज आपल्या घरांत पक्का बसलाय, आणि त्याला कारणही आहे. बाबासाहेब आंबेडकर लंडनच्या ग्रेज इनमधून बॅरिस्टर झाले आणि 1923 मध्ये मुंबईत त्यांनी वकिली सुरू केली. त्या काळी ती वाट उघडी होती. आजच्या ॲडव्होकेट्स ॲक्टमध्ये, म्हणजे 1961 च्या कायद्यात, बॅरिस्टर या पदवीला एक शेवटची तारीख घातलेली आहे: 31 डिसेंबर 1976. त्या दिवसापर्यंत बॅरिस्टर झालेल्याला त्या जोरावर इथे सनद मिळू शकत होती. त्यानंतरच्यांना नाही. आता बघितली जाते ती कायद्याची डिग्री.

त्या डिग्रीला बार कौन्सिल ऑफ इंडियाची मान्यता लागते. मेडिकलपेक्षा हा फरक आहे, इथे मान्य परदेशी विद्यापीठांची यादी खरंच असते. पण यादीत नाव सापडलं म्हणून काम संपत नाही. 2008 च्या नियमांप्रमाणे कालावधीही बघतात. आधी कोणतीही पदवी आणि त्यावर किमान तीन वर्षांचा लॉ, नाहीतर बारावीनंतर किमान पाच वर्षांचा एकत्रित कोर्स.

आता इंग्लंडचं नेहमीचं एलएलबी घ्या. बारावीनंतर थेट तीन वर्षं. विद्यापीठ कितीही नावाजलेलं असो, बारावीनंतर पाच हवीत आणि आहेत तीन. दोन वर्षं कमी.

दुसरा मुलगा हुशारी करतो. आधी इथे बीकॉम करतो, मग इंग्लंडला जातो. आता त्याला पदवीनंतर तीन वर्षांचा लॉ हवा. पण तिथे पदवीधरांसाठी ‘सीनियर स्टेटस’ नावाचा दोन वर्षांचा एलएलबी असतो. एक वर्ष वाचतं म्हणून तो तोच घेतो. झालं, एक वर्ष कमी! याच मुलाने पूर्ण तीन वर्षांचा कोर्स घेतला असता तर कालावधीची अट पाळली गेली असती. एका वर्षाची बचत बघा कुठे महागात पडते.

मेडिकलपेक्षा इथे एक सोय बरी आहे. कालावधी कमी पडलेल्यांसाठी भारतात दोन वर्षांचा ब्रिज कोर्स असतो. म्हणजे रस्ता बंद होत नाही, लांबतो. तीन वर्षांचं इंग्लिश एलएलबी आणि दोन वर्षांचा ब्रिज कोर्स, म्हणजे पाच वर्षं झालीच. शिवाय परदेशी डिग्रीवाल्यांसाठी बार कौन्सिलची वेगळी पात्रता परीक्षा असते, भारतीय कायद्यांवर. राज्यघटना, दिवाणी आणि फौजदारी प्रक्रिया असे विषय तिथे शिकलेलेच नसतात. त्यानंतर सनद महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलकडून, आणि मग सगळ्याच नव्या वकिलांना द्यावी लागणारी ऑल इंडिया बार एक्झाम. हा सगळा वेळ आणि खर्च आधीच हिशेबात धरा.

एक गोंधळ मात्र दूर करतो. इथे एलएलबी करून सनद घेतली आणि मग परदेशात एक वर्षाचं एलएलएम केलं, तर काहीच अडचण नाही. सनद तुमच्या इथल्या एलएलबीवर आहे. उलट, नुसत्या परदेशी एलएलएमवर सनद मिळत नाही.

लेखी कसं मिळवायचं?

शेवटचा मुद्दा, कारण फोनवरच्या ‘हो हो, चालेल’ला अर्थ नसतो.

माहितीच्या अधिकारात एनएमसीला अर्ज करता येतो. फी दहा रुपये, उत्तराची मुदत तीस दिवस. पण प्रश्न नीट विचारावा लागतो. ‘माझी डिग्री चालेल का?’ असं विचारलं तर ते म्हणतील, मत देणं आमच्यावर बंधनकारक नाही. आणि ते बरोबरच आहे, कारण या कायद्यात त्यांच्याकडे असलेली कागदपत्रं मागता येतात, सल्ला नाही. म्हणून असं लिहा: ‘अमुक देशातल्या अमुक डिग्रीच्या कालावधीबद्दल किंवा परवान्याबद्दल आपण काढलेल्या सूचना, परिपत्रकं आणि त्या देशाच्या संस्थेशी झालेला पत्रव्यवहार यांच्या प्रती द्याव्यात.’ अशा प्रश्नाला कागद मिळण्याची शक्यता असते.

आणि कन्सल्टंटकडून लेटरहेडवर तीन ओळी मागा. बीएस वगळून वैद्यकीय अभ्यासक्रम किती महिन्यांचा? त्याच संस्थेत 12 महिन्यांची इंटर्नशिप आहे का? तिथला पूर्ण परवाना भारतीय विद्यार्थ्याला मिळतो का, कोणत्या कलमाने? मावशीने हेच तीन प्रश्न त्या ऑफिसात नेले. समोरच्या माणसाने तोंडी तिन्हींना ‘हो’ म्हटलं. लिहून द्या म्हटल्यावर साहेब बाहेरगावी गेले होते. ते आठवडाभर बाहेरगावीच होते.

टोकन भरलं नाही. मावसभाऊ यंदा पुन्हा नीट देतोय, आणि सोबत दोन देशांच्या मेडिकल कौन्सिलना त्याने स्वतः ईमेल टाकलेत. एकाचं उत्तर आलंय, कलमासकट. मावशीने ते प्रिंट काढून त्याच पर्समध्ये ठेवलंय. जुनं पत्रकही अजून तिथेच आहे, मागच्या बाजूला माझी वजाबाकी असलेलं.

तुमच्या घरी असं एखादं पत्रक आलं असेल, तर आधी त्यातले महिने मोजा आणि बेरीज मला कळवा. भेटू पुढच्या भागात!